गप्प असलेल्यांची नोंद

कानात सतत आवाज येत राहण्याचा एक त्रास असतो. बाहेर काहीही वाजत नसतं, तरी शिट्टी, भुणभुण, घरघर असं काहीतरी चालूच राहतं. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात, मराठीत कर्णनाद. बहुतेकांच्या बाबतीत तो पूर्ण थांबवणारं औषध नाही. अनेकांना हळूहळू त्याची सवय होते, आणि मग आवाज असूनही तो दिवसभर जाणवत नाही. ज्यांना अजून सवय झालेली नाही त्यांना रात्री झोप येत नाही. मग ती माणसं फोन उघडतात आणि आपल्यासारख्यांच्या ऑनलाइन समूहात जाऊन लिहितात. अशाच एका समूहाचा मी नेटनोग्राफीच्या पद्धतीने अभ्यास केला. समूहाचं नाव इथे देणार नाही. त्याचं कारण ओघात येईलच.

नेटनोग्राफी ही पद्धत रॉबर्ट कोझिनेट्स या अभ्यासकाने 1990च्या दशकात मांडली. मानववंशशास्त्रज्ञ एखाद्या वस्तीत जाऊन राहतात, तिथले होतात, आणि तरीही रोज रात्री वहीत लिहीत बसतात. तेच काम पडद्यावरच्या वस्तीत कसं करायचं, हा त्याचा प्रश्न होता. 2002 साली त्याने कॉफीच्या दर्दी मंडळींच्या एका न्यूजग्रूपवर लेख लिहिला आणि त्यात प्रवेश, माहिती जमवणं, अर्थ लावणं, नैतिकता आणि शेवटी सदस्यांना निष्कर्ष दाखवून त्यांचं म्हणणं घेणं, असा क्रम घालून दिला. पुढे त्याने त्यात बरीच भर घातली, पण मूळ आग्रह तोच राहिला. हजारो पोस्ट यंत्राने उतरवून घेतल्या आणि त्यातले शब्द मोजले, तर ती नेटनोग्राफी होत नाही. संशोधक तिथे माणूस म्हणून हजर असावा लागतो.

प्रत्यक्ष वस्तीत गेलेल्या माणसाला आपण येण्याआधी तिथे काय बोललं गेलं ते ऐकता येत नाही. ऑनलाइन समूहात मात्र येतं. दहा वर्षांपूर्वीचं भांडण, त्यातली समजूत, कोण रुसून गेलं, कोण परत आलं, सगळं तारखेसकट समोर असतं. ही सोय इतकी मोठी आहे की संशोधकाला वाटू लागतं, आता आपण वेगळं काय लिहायचं, सगळं लिहिलेलंच तर आहे. माझ्या मते नेटनोग्राफीतल्या बहुतेक अडचणींचं मूळ या साठ्यात आहे. प्रवेशाचीही, टिपणांचीही, नैतिकतेचीही.

प्रवेशापासून सांगते. समूह निवडताना कोझिनेट्स काही कसोट्या सुचवतो. तिथलं बोलणं आपल्या प्रश्नाशी जुळणारं असावं, समूह आज जिवंत असावा, माणसं एकमेकांना उत्तरं देत असावीत, आणि लिहिणारे चार-दोन न राहता पुरेसे वेगवेगळे असावेत. या कसोट्या लावायच्या तर आधी वाचावं लागतं, म्हणजे ओळख न देता, गुपचूप. ते कितपत योग्य? मी स्वतःपुरती एक रेघ आखून घेतली. लॉगिन न करता कुणालाही दिसतो तेवढाच भाग वाचायचा, तोही निवड करण्यापुरता, आणि या टप्प्यावर काहीही उतरवून ठेवायचं नाही. समूह ठरला की वाचन थांबवून आधी मॉडरेटरना लिहायचं.

त्यांना पाठवलेल्या पत्रात मी कोण, कुठल्या अभ्यासासाठी, काय पाहणार, काय पाहणार नाही, हे होतं. मला स्वतःला हा त्रास नाही, हेही लिहिलं होतं. उत्तर लगेच आलं नाही. मॉडरेटरनी आधी आपापसात चर्चा केली आणि मग काही अटी घातल्या. सदस्यनावातच ‘संशोधक’ असं दिसलं पाहिजे. माझी ओळख सांगणारा धागा सगळ्यात वर कायम राहील. उपचारांवरच्या चर्चेत मी मत द्यायचं नाही. नवा माणूस घाबरून लिहीत असेल तर त्याला मी खासगी निरोप पाठवायचा नाही. आणि फक्त सदस्यांना दिसणाऱ्या एका विभागात, जिथे लोक जगणं नकोसं झाल्याबद्दल बोलतात, तिथे मी जायचंच नाही. शेवटची अट घातली नसती तरी तो विभाग मी वगळलाच असता. पण त्यांनी ती घातली, याचा अर्थ काय राखायचं आहे हे त्यांना माझ्यापेक्षा नेमकं माहीत होतं. अटींची ती यादी हीच माझी पहिली खरी सामग्री ठरली. कुठल्याही समूहाचे दारावरचे नियम नीट वाचले, तर आत काय दुखतं ते कळतं.

परवानगी मिळाली म्हणजे संमती मिळाली का? मॉडरेटर म्हणजे समूह नव्हे. इथे जेम्स हडसन आणि एमी ब्रकमन यांचा 2004 सालचा एक प्रयोग आठवतो. त्यांनी 525 चॅटरूममध्ये प्रवेश केला. काही ठिकाणी नुसते जाऊन बसले, तर काही ठिकाणी ‘संशोधनासाठी हे संभाषण नोंदवत आहोत’ असं सांगितलं. न सांगता बसले तिथून सुमारे 29 टक्के वेळा त्यांना बाहेर काढण्यात आलं, आणि सांगितलं तिथून सुमारे 63 टक्के वेळा. ‘सहभागी व्हायचं असेल तर कळवा’ असं ज्या 766 जणांना विचारलं, त्यांपैकी होकार आला फक्त चौघांचा. यावरून दोन उलट धडे घेता येतात. एक, प्रत्येकाची संमती मागत बसलं तर अभ्यासच होणार नाही. दुसरा, विचारलं तर बहुतेकांना आपण नको असतो, आणि हे विसरून काम करणं म्हणजे स्वतःला फसवणं. मी दुसरा धडा जास्त गंभीरपणे घेते.

म्हणून संमतीचे थर करावे लागले. वातावरण पाहणं, कोण कुणाला कसं उत्तर देतं ते टिपणं, यासाठी मॉडरेटरची परवानगी आणि कायम दिसणारी माझी ओळख पुरेशी धरली. एखाद्याचं बोलणं लेखात यायचं असेल, अगदी बदललेल्या शब्दांत का होईना, तर त्या माणसाला विचारायचं. मुलाखतीसाठी वेगळी, लेखी संमती. शिवाय समूहात रोज नवी माणसं येत असतात, त्यांनी माझा जुना परिचय वाचलेला नसतो. तो मी अधूनमधून पुन्हा लिहीत असे. एकाने त्याखाली विचारलं, ‘तुला त्रास नाही, तर तुला काय कळणार?’ प्रश्न रास्त होता. तितकं कळणार नाही, असं मी लिहिलं, आणि त्यावर त्याने स्वतःचा सगळा अनुभव लिहून काढला. मला समजावण्यासाठी.

आता रुळण्याबद्दल. सुरुवातीला मी जुने धागे वाचले, सर्वाधिक उत्तरं असलेले आधी. त्या वाचनातून एक चित्र मनात घट्ट बसत गेलं: इथे कुणी बरं होत नाही. वर्षानुवर्षं तीच नावं, तीच तक्रार. नवा माणूस विचारतो, ‘हे कमी होतं का?’, आणि उत्तर देणारे सगळे अजून त्रासात असलेले. साठ्यातून शब्द मोजणाऱ्यालाही हाच निष्कर्ष मिळाला असता, फक्त अधिक आत्मविश्वासाने.

मग मी रोज, घडेल तसं वाचायला लागले. तेव्हा वेगळी गोष्ट दिसू लागली. आज एकाने लिहिलं की गेले काही दिवस त्याला दुपारपर्यंत आवाजाची आठवणच येत नाही. अभिनंदनाचे निरोप आले. नंतर तो आलाच नाही. दुसरीने निरोप घेतानाच कारण सांगून टाकलं: इथे वाचायला बसले की लक्ष कानाकडे जातं, लक्ष गेलं की आवाज वाढतो, तेव्हा आता येणार नाही. या त्रासात लक्ष आणि आवाज यांचं नातं खरंच असं असतं. म्हणजे बरं वाटू लागलेल्या माणसाने समूह सोडणं हा त्याच्या बरं होण्याचाच भाग. मागे उरतात ते ज्यांना अजून तिथवर पोचता आलेलं नाही ते. दहा वर्षांचा साठा प्रामुख्याने त्यांनी लिहिलेला आहे.

हे लक्षात आल्यावर मी लिहिणं थांबवलेल्या सदस्यांच्या शेवटच्या पोस्ट वाचत गेले. काही शेवट उघड सुधारणेचे होते, काही उघड निराशेचे. पण बहुतेक शेवट मधलेच. कुणीतरी आवाजाच्या यंत्राबद्दल साधा प्रश्न विचारलेला, त्याला उत्तर मिळालेलं, आणि पुढे काही नाही. यातलं कोण बरं झालं, कोण खचलं, कोण फक्त पासवर्ड विसरलं, हे पडद्यावरून कळणं शक्य नाही. मॉडरेटरच्या संमतीने, त्यांच्यामार्फत, मी काही जुन्या सदस्यांना विचारून पाहिलं. थोड्या जणांनी उत्तर दिलं. एकीने लिहिलं त्याचा आशय असा, की तुमच्या कामाला शुभेच्छा, पण या विषयावर बोलायला बसले की आवाज परत येतो, म्हणून नको. नकारातच माझ्या अंदाजाला दुजोरा होता. पण तो मिळवायला एका बऱ्या झालेल्या माणसाचं लक्ष मी पुन्हा कानाकडे वळवलं होतं, एका निरोपापुरतं का होईना. तो मार्ग तिथेच बंद केला. परिणामी माझा दावा आखूड झाला. या समूहात किती लोक बरे होतात ते मी सांगू शकत नाही. साठा वाचून ते का सांगता येत नाही, तेवढं सांगू शकते.

टिपणांचा प्रश्न इथेच येतो. नवशिके संशोधक स्क्रीनशॉटच्या फोल्डरला टिपणं समजतात. स्क्रीनशॉटमध्ये जे आहे ते उद्याही तिथे सापडेल. टिपणात ते हवं जे उद्या सापडणार नाही. पोस्ट कुठल्या घटकेला आली हे साठा सांगतो. ती आल्यावर किती वेळ कुणीच बोललं नाही आणि त्या वेळात कोणकोण ऑनलाइन होतं, हे सांगत नाही. दुरुस्त केलेल्या पोस्टचं आधीचं रूप बहुधा उरत नाही. समूहाचं पान त्या दिवशी कुठल्या क्रमाने दिसत होतं, नवं वर की लोकप्रिय वर, हेही मागाहून कळत नाही, आणि दोन माणसांना एकच समूह वेगवेगळ्या क्रमाने दिसत असेल तर त्या दोघांनी दोन वेगळ्या जागा पाहिलेल्या असतात. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर वेळ, लॉगिन आहे की नाही, आणि क्रम कोणता, हे असे. खाली तीन भाग: काय घडलं, मला काय झालं, आणि मला काय वाटतं. तिसरा भाग पहिल्यात मिसळू द्यायचा नाही, हे सगळ्यात कठीण. आणि लिहायचं त्याच दिवशी, वाचनाचा फोन बाजूला ठेवून.

एक नोंद ओळखू येऊ नये इतपत बदलून देते. ‘मध्यरात्रीनंतर. लॉगिन करून, नवे धागे वर. नव्या सदस्याचा पहिला धागा. झोप नाही, हे कायमचं आहे का, असा प्रश्न. पहिलं उत्तर लगेच, जुन्या सदस्याचं: पंखा लावून पड, शांततेत पडू नकोस. मग आणखी तीन उत्तरं. चौघांनीही आपल्याला किती वर्षं झाली ते सांगितलं. सगळ्यात मोठा आकडा 20च्या पुढे. नवा सदस्य बराच वेळ ऑनलाइन दिसतोय, लिहीत नाही. मग गेला. — मला: आकडे वाचताना पोटात खड्डा. — वाटतं: जुन्यांनी आकडा धीर द्यायला सांगितला, बघ, इतकी वर्षं जगतोय. नव्याने तो शिक्षा म्हणून ऐकला असेल का?’

साठ्यात हा धागा एक प्रश्न आणि चार प्रेमळ उत्तरं असा दिसतो. मदत करणाऱ्या समूहाचा नमुनाच म्हणा ना. ऑनलाइन असूनही न लिहिणारा माणूस फक्त वहीत आहे. आणि माझ्या पोटातला खड्डा हा पुरावा नाही, पण कुठे पाहायचं ते त्याने दाखवलं. कोझिनेट्स अशा वहीला इमर्शन जर्नल म्हणतो आणि तिला जमवलेल्या मजकुराइतकंच महत्त्व देतो. पुढे मी वर्षांचा आकडा आलेले धागे वेगळे काढून पाहिले. आकड्यापाठोपाठ ‘पण आता जाणवत नाही’ असं काही आलं असेल तिथे नवा माणूस बहुधा पुन्हा प्रश्न विचारी. नुसता आकडा असेल तिथे बरेचदा तो गप्प होई. नेहमी नाही. काही जण आकडा वाचूनच सावरलेले दिसले, म्हणजे हा नियम म्हणता येत नाही. गप्प बसण्यामागे झोप लागणं हेही कारण असू शकतं, आणि ते तर चांगलंच झालं.

उरला सगळ्यात अवघड भाग. जे बोललं गेलं ते जगाला दिसेल असंच बोललं गेलं, मग ते उद्धृत करायला अडचण काय, असं पुष्कळ जण विचारतात. रॉय लँगर आणि सुझान बेकमन यांनी 2005 साली याच बाजूने युक्तिवाद केला होता. डेन्मार्कमधल्या सौंदर्यशस्त्रक्रियेवरच्या एका संदेशफलकाचा त्यांनी ओळख न देता अभ्यास केला. कोझिनेट्सचे नियम फार कडक आहेत, उघड्यावरचा संवाद हा वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रासारखा मानावा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. वाचकांचं पत्र लिहिणारा माणूस अनोळखी वाचकांसाठी लिहितो. रात्री झोप न लागलेला माणूस त्या क्षणी जागे असलेल्या, तोच आवाज ऐकणाऱ्या चौघांसाठी लिहितो. इतरांना ते दिसतं हा तांत्रिक भाग झाला. हेलन निसेनबॉम यांचा या बाबतीतला विचार मला उपयोगी पडतो: माहिती ज्या संदर्भात दिली गेली त्याच्या अपेक्षा तिच्यासोबत जातात, ती फक्त खासगी की सार्वजनिक एवढ्यावर भागत नाही.

शिवाय शोधयंत्रं आहेत. टोपणनाव बदललं, पण वाक्य जसंच्या तसं ठेवलं, तर ते वाक्य शोधात टाकायचा अवकाश, माणूस सापडतो; मग त्याच टोपणनावाने इतरत्र लिहिलेलं सगळं. वाक्य थोडं बदलूनही दर वेळी भागत नाही. जोसेफ रीगल यांनी 2022 साली रेडिटवरच्या संशोधनांचे लेख तपासले तेव्हा शब्द बदललेल्या उद्धृतांपैकीही काहींचे मूळ स्रोत त्यांना सापडले. म्हणून मी आधी आशय वेगळ्या शब्दांत मांडायचे, मग ते वाक्य आणि त्यातले ठळक तुकडे वेगवेगळ्या शोधयंत्रांत टाकून पाहायचे, समूहाच्या स्वतःच्या शोधखिडकीतही. मूळ पोस्ट पहिल्या काही पानांत आली की वाक्य पुन्हा लिहायचं. तरीही येत असेल, तर वाक्य गाळून फक्त वर्णन ठेवायचं. काही ठिकाणी दोन-तीन सदस्यांचे तपशील मिळून एक व्यक्ती केली. ऍनेट मार्कम यांनी अशा रचनेला संशोधनातली नैतिक पद्धत म्हणून ठामपणे मान्यता द्यावी असं मांडलं आहे. त्याची किंमतही आहे: वाचकाला मूळ ताडून पाहता येत नाही, आणि भाषेची चव जाते. माणसं आपल्या आवाजाला जी नावं देतात, ती किती सुंदर आणि किती भयंकर असतात, ते मला कधीच छापता आलं नाही.

खोडलेल्या पोस्टचं काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवायला हवं. समूहात एकीने पहाटे मोठी पोस्ट लिहिली आणि सकाळी काढून टाकली. माझ्या नोंदीत तिचा आशय होता. साठा निदान या बाबतीत सभ्य असतो, सांगितलं की विसरतो. वही विसरत नाही. मी ठेवलेला नियम असा: सदस्याने खोडलं की उतरवलेला मजकूर माझ्याकडूनही खोडायचा. ‘पहाटे पोस्ट आली, सकाळी नव्हती, कुणी त्यावर बोललं नाही’ एवढं ठेवायचं. मग आशय वापरायचा असेल तर तिला विचारायचं का? मी विचारलं नाही. खोडून टाकलेलं कुणीतरी वाचलं होतं, एवढंच त्या प्रश्नाने तिला कळलं असतं.

मसुदा तयार झाला तेव्हा तो समूहात ठेवला, ओळखीच्या धाग्याखालीच. प्रतिक्रिया थोड्या आल्या. वर्षांच्या आकड्याबद्दलचा भाग एका जुन्या सदस्याला आवडला नाही. आम्ही खोटं बोलायचं का, असं त्याने विचारलं. 20 वर्षं झाली असतील तर 20च सांगणार. दुसरीने लिहिलं की तिला स्वतःला पहिल्या रात्री असाच आकडा वाचून रडू आलं होतं, पण परत आली ती त्या आकड्यामुळेच, कारण इतकी वर्षं टिकलेल्या माणसाशी बोलायचं होतं. माझ्या वर्गीकरणात ती ‘आकड्यानंतर गप्प’ या रकान्यात पडली असती, कारण परत यायला तिला बरेच महिने लागले होते. त्या दोघांचीही हरकत, त्यांना विचारून आणि शब्द बदलून, मी निष्कर्षाच्या लगतच छापली. रकान्याचं नाव बदलून ‘आकड्यानंतर त्या रात्री गप्प’ असं केलं.